दिवा कुठे नाही, ते आधी लिहा



मागच्या महिन्यात मी एका बरोबर उत्तरावर लाल पेनाने चुकीची खूण केली. उत्तर सहावीतल्या एका मुलीचे होते आणि कोडे मी स्वतः तयार केलेले होते. तिने विचारले नसते तर मला ते आजही कळले नसते. ही चूक कुणाच्याही हातून होऊ शकते, म्हणून आज ती तुमच्यासमोर मांडते आहे. पण त्यासाठी ते कोडे तुम्हाला सोडवावे लागेल. एक पेन्सिल आणि चौकटीच्या वहीचे एक पान घ्या. मुले जवळ असतील तर त्यांनाही बसवा.

हे दिव्यांचे कोडे आहे. जपानमधील निकोली या कोड्यांच्या प्रकाशन संस्थेमुळे ते जगभर गेले. त्याला ‘अकारी’ म्हणजे ‘उजेड’ असेही म्हणतात. नियम चारच आहेत.

पहिला नियम : काही घरे पांढरी असतात आणि काही काळी. काळे घर म्हणजे भिंत. दिवा फक्त पांढऱ्या घरात ठेवायचा.

दुसरा नियम : दिव्याचा उजेड वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे सरळ जातो आणि भिंत आली की थांबतो. तो तिरका जात नाही. शेवटी एकही पांढरे घर अंधारात राहता कामा नये.

तिसरा नियम : एका दिव्याचा उजेड दुसऱ्या दिव्यावर पडता कामा नये. म्हणजे मध्ये भिंत नसेल तर एका सरळ ओळीत दोन दिवे चालत नाहीत.

चौथा नियम : भिंतीवर अंक असेल तर तिला चार बाजूंनी चिकटलेल्या घरांत नेमके तेवढेच दिवे हवेत, कमी नाही आणि जास्तही नाही. भिंतीवर अंक नसेल तर तिच्याभोवती कितीही दिवे असोत, चालतात.

आता माझे कोडे. वर अक्षरे आहेत, बाजूला आकडे आहेत. ‘ब१’ म्हणजे ‘ब’ या उभ्या ओळीतले पहिल्या आडव्या ओळीतले घर. टिंब म्हणजे पांढरे घर. काळा चौकोन म्हणजे अंक नसलेली भिंत. आत लिहिलेला अंक म्हणजे अंकाची भिंत.

```
    अ  ब  क  ड  इ
१   .  .  .  .  .
२   .  ३  .  ■  .
३   .  .  .  .  .
४   .  ०  .  १  .
५   .  .  .  .  .
```

वर्गात हे कोडे फळ्यावर काढले की बहुतेक मुलांचे डोळे आधी ३ वर जातात. मोठा अंक, जास्त दिवे, म्हणून तिथून सुरुवात. तीनच्या चार बाजूंना चार घरे आहेत आणि दिवे तीन हवेत. मग कुठले घर सोडायचे? इथे मुले अंदाज करतात. पुढे अडले की खोडतात, पुन्हा अंदाज करतात, आणि तिसऱ्या खेपेला वहीचे पान फाटते.

मी त्यांना सांगते, आधी शून्याकडे जा. शून्य म्हणजे ‘इथे काहीच नाही’ असे मुलांना वाटते, म्हणून ती त्याला सोडून देतात. खरे म्हणजे शून्य इतर कुठल्याही अंकापेक्षा ठाम बोलते : माझ्या चारही बाजूंना दिवा कधीच येणार नाही. ब४ वर शून्य आहे, म्हणून ब३, ब५, अ४ आणि क४ या चार घरांत बारीक फुल्या मारा.

आता पुन्हा ३ कडे या. त्याच्या चार घरांपैकी ब३ मध्ये फुली आली आहे. उरली तीन घरे : ब१, अ२ आणि क२. हवेत तीन, जागा तीन. तिन्ही ठिकाणी दिवे ठेवा. अंदाज करावाच लागला नाही. शून्याने मारलेल्या एका फुलीने तीन दिवे बसवले.

आता उजेड कुठवर जातो ते पाहू. ब१ चा दिवा पहिली आडवी ओळ पूर्ण उजळतो. खाली लगेच भिंत आहे. अ२ चा दिवा ‘अ’ ही उभी ओळ पूर्ण उजळतो आणि क२ चा दिवा ‘क’ ही ओळ. दुसऱ्या आडव्या ओळीत मात्र या दोघांच्या मध्ये भिंत आहे, म्हणून ते एकमेकांना दिसत नाहीत. उजळलेल्या घरांवर हलकी पेन्सिल फिरवा. मोजून पाहा, आठ घरे अंधारात राहिली असतील : ब३, ड३, इ३, ब५, ड५, इ५, इ२ आणि इ४.

इथे जरा थांबते, कारण वर्गात सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. मुलांना वाटते, फुली मारली म्हणजे त्या घराचे काम संपले. एका मुलाने मला सरळ सांगितले, “बाई, फुलीचं घर म्हणजे मेलेलं घर.” पण तसे नाही. फुली म्हणजे ‘इथे दिवा नाही’. ‘इथे उजेड नाही’ असा तिचा अर्थ नाही. फुलीच्या घरालाही उजेड हवाच आहे, आणि तो स्वतःचा नसल्यामुळे दुसऱ्याकडून यायला हवा. ज्याच्या घरी विहीर नाही त्याला पाणी लागत नाही असे थोडेच आहे! त्याचे पाणी कुठून येते एवढेच शोधायचे असते.

म्हणून मी वर्गात फुली असलेल्या पण अंधारात असलेल्या घरांना प्रश्न विचारायला लावते : “तुला उजेड कोण देणार?” ब३ ला विचारा. त्याच्या वर भिंत, खाली भिंत. उजेड येणार तो फक्त तिसऱ्या आडव्या ओळीतून. त्या ओळीत अ३ आणि क३ आधीच उजळलेले आहेत, तिथे दिवा ठेवला तर तिसरा नियम मोडतो. म्हणजे ब३ ला उजेड देऊ शकणारी घरे दोनच, ड३ किंवा इ३. तसेच ब५ ला विचारा. त्याच्या वर शून्याची भिंत आहे, खाली कोडे संपते. अ५ आणि क५ उजळलेले आहेत. म्हणून पाचव्या ओळीचा दिवा ड५ किंवा इ५ मध्येच.

आता ड४ वरचा १ पाहा. ड३ आणि ड५ दोन्हींत दिवे ठेवले तर त्याच्याभोवती दोन होतात, म्हणजे जास्त. इ३ आणि इ५ दोन्हींत ठेवले तर ते ‘इ’ ओळीत एकमेकांवर उजेड टाकतात, तेही चालत नाही. म्हणून एक दिवा ‘ड’ मध्ये आणि एक ‘इ’ मध्ये. यातला कुठला कुठे, ते अजून ठरलेले नाही. पण दोन गोष्टी मात्र आत्ताच पक्क्या झाल्या. कुठल्याही जोडीत ‘ड’ मधला दिवा १ ला चिकटतो, म्हणजे त्याचा कोटा भरला आणि इ४ मध्ये दिवा कधीच येणार नाही. कुठल्याही जोडीत ‘इ’ मधला दिवा इ२ उजळतो, म्हणून तिथेही दिवा कधीच येणार नाही. दोन्ही घरांत फुल्या मारा. दिवा कुठे आहे हे माहीत नसताना तो कुठे नाही हे माहीत असू शकते. माझ्या मते या कोड्यातली ही सर्वात महत्त्वाची पायरी आहे.

आता उरल्या दोन जोड्या. एक, इ३ आणि ड५. दुसरी, ड३ आणि इ५. तुमच्या कागदावर कुठली आली?

माझ्या उत्तरपत्रिकेवर पहिली होती. त्या मुलीच्या वहीत दुसरी होती. मी माझे उत्तर तिच्या वहीशेजारी ठेवले, शेवटचे दोन दिवे जुळले नाहीत, आणि चुकीची खूण करून पुढची वही उघडली. अर्ध्या मिनिटाचे काम.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती टेबलाजवळ आली. बोलायला कचरणारी मुलगी आहे. वही उघडून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, “बाई, यात कोणता नियम मोडला ते सांगाल का?”

मी म्हटले, “अगं, शेवटचे दोन दिवे चुकलेत.”

“हो, पण नियम कोणता मोडला?”

मग मी तिच्या वहीवर बोट ठेवून एकेक नियम तपासू लागले. सगळे दिवे पांढऱ्या घरांत आहेत. तीनभोवती तीन, शून्याभोवती शून्य, एकभोवती एक. ड३ चा दिवा आणि इ५ चा दिवा एका ओळीत नाहीत. सगळी घरे उजळली का? ब३ ला ड३ कडून उजेड, ब५ ला इ५ कडून, इ२ आणि इ४ लाही इ५ कडूनच. एकही घर अंधारात नाही. मी दुसऱ्यांदा तपासले. नियम एकही मोडलेला नव्हता.

आणि मग मला तिच्या वहीतली आणखी एक गोष्ट दिसली, जी आदल्या दिवशी मी पाहिलीच नव्हती. ड३, इ३, ड५ आणि इ५ या चारही घरांत तिने पेन्सिलीने बारीक टिंबे दिली होती. इ२ आणि इ४ मध्ये फुल्या होत्या. म्हणजे ती नेमकी तिथवर आली होती जिथवर विचाराने येता येते, आणि तिथे पुढे रस्ता दोन्हीकडे जातो हेही तिला दिसले होते. तिने त्यातला एक निवडला. माझा निघाला दुसरा.

दोष कोड्यात होता. तो कसा शिरला, हे मी त्या संध्याकाळी शोधले. कोडे तयार करताना मी आधी दिवे मांडले होते : ब१, अ२, क२, इ३ आणि ड५. मग प्रत्येक भिंतीभोवतीचे दिवे मोजून अंक लिहिले. ब२ वर ३, ब४ वर ०, ड४ वर १, आणि ड२ वरही १, कारण त्याला क२ चा दिवा चिकटलेला आहे. चारही अंक लिहिल्यावर कोडे फार सोपे वाटले. म्हणून ड२ वरचा अंक मी पुसून टाकला आणि स्वतः एकदा सोडवून पाहिले. उत्तर बरोबर आले. येणारच! दिवे मीच ठेवले होते, त्यामुळे तिसऱ्या ओळीत पोहोचल्यावर हात आपोआप इ३ कडे गेला. तिथे निवड आहे हे मला जाणवलेच नाही.

आता गंमत पाहा. ड२ वर तो १ परत लिहा. त्याला क२ चा एक दिवा आधीच मिळालेला आहे, म्हणून ड३ आणि इ२ मध्ये लगेच फुल्या पडतात. ड१ तर उजळलेलेच आहे. तिसऱ्या ओळीत उरले फक्त इ३. तिथे दिवा ठेवला की इ५ उजळते, म्हणून पाचव्या ओळीत उरते ड५. कोडे संपले. आणि हे सगळे करताना ड४ वरच्या १ कडे आपण पाहिलेसुद्धा नाही. म्हणजे जो अंक काम करत होता तो मी पुसला आणि ज्याची गरज नव्हती तो ठेवला. दोन्ही अंक १ च. पण एक अंक कमी केला म्हणजे कोडे एवढेसे कठीण होते, असा हिशोब नसतो. त्या अंकाने किती फुल्या पडतात, ते पाहावे लागते.

त्या रात्री मी सगळ्या वह्या पुन्हा काढल्या. ३४ पैकी ११ मुलांनी तिच्यासारखेच उत्तर काढले होते आणि अकराही वह्यांवर माझी लाल खूण होती. त्यातल्या चौघांनी आपले बरोबर उत्तर खोडून शेजारच्याचे, म्हणजे माझे, उत्तर लिहून घेतले होते. हे पाहून मला खरोखर वाईट वाटले. आणि ज्यांना मी ‘छान’ लिहिले होते त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या कोड्यात एकही फुली नव्हती. त्यांनी दिवे नुसते ठेवून पाहिले होते आणि ते माझ्याशी जुळले होते. माझ्या शेऱ्यात आणि नाणेफेकीत फारसा फरक उरला नव्हता.

सकाळी वर्गात मी तेच कोडे पुन्हा फळ्यावर काढले, दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी लिहिली आणि सांगितले की कोडे माझे चुकले होते. अकरा वह्यांवरची खूण मी खोडली आणि शेजारी सही केली. त्या मुलीला फळ्यापाशी बोलावून ती चार टिंबे सगळ्यांना समजावून सांगायला लावली. मागून एक आवाज आला, “बाई, मग माझं पण बरोबरच होतं की! मी उगाच खोडलं.” त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. “हो रे, तुझं बरोबर होतं,” एवढेच म्हणाले.

त्या दिवसापासून मी तीन गोष्टी बदलल्या. तुम्ही ही कोडी वर्गात किंवा घरी वापरत असाल तर त्या उपयोगी पडतील.

पहिली गोष्ट तपासण्याची. आता मी उत्तरपत्रिका शेजारी ठेवत नाही. मुलाच्या उत्तरालाच चार नियम लावते. आधी अंक मोजायचे, मग प्रत्येक दिव्यापासून चारही दिशांना बोट भिंतीपर्यंत न्यायचे आणि वाटेत दुसरा दिवा लागतो का ते पाहायचे, शेवटी अंधारातले घर शोधायचे. पाच बाय पाचच्या कोड्याला दीड-दोन मिनिटे लागतात. मुले हे एकमेकांच्या वह्यांवरही करू शकतात. आणि ‘चूक’ लिहायचे असेल तर कोणता नियम कुठल्या घरात मोडला ते शेजारी लिहायचे. ते लिहिता येत नसेल तर चूक मुलाची नाही.

दुसरी गोष्ट फुल्यांची. दिव्याइतकीच फुलीची नोंद मी मागते, आणि विचारते, “ही फुली कशामुळे?” उत्तर तीनपैकी एक असते : अंकाचा कोटा भरला, दुसऱ्या दिव्याचा उजेड पडला, किंवा इथे दिवा ठेवला तर पुढे कुणीतरी उपाशी राहतो. या तिसऱ्या कारणाचा सुंदर नमुना आपल्या ३ भोवतीच आहे. त्याचे तिरके शेजारी पाहा, उदाहरणार्थ अ१. तिथे दिवा ठेवला तर ब१ आणि अ२ दोन्ही उजळतात आणि दोन्हीकडची जागा जाते. मग तीन दिव्यांसाठी दोनच जागा उरतात. म्हणून ३ च्या कोपऱ्यातल्या चारही घरांत, शून्य शेजारी असो वा नसो, डोळे मिटून फुली मारता येते. हे मी आता सांगत नाही, मुलांनाच शोधू देते. फक्त एवढेच विचारते, “अ१ मध्ये दिवा ठेवला तर तीनचं काय होईल?”

इथे एक सूचना. अंक नसलेल्या भिंतीला बरीच मुले शून्यच समजतात. माझ्या कोड्यात एकाने ड२ ची रिकामी भिंत पाहून क२ मध्ये फुली मारली आणि मग ३ ला दोनच दिवे मिळाले म्हणून रडकुंडीला आला. त्याच्या पुढच्या सगळ्या पायऱ्या बरोबर होत्या, पहिली फुलीच चुकीची होती. कारण विचारले तेव्हाच ते सापडले. रिकामी भिंत काहीच सांगत नाही. शून्य मात्र ‘नाही’ असे सांगते. हा फरक पहिल्याच दिवशी फळ्यावर दाखवा.

तिसरी गोष्ट कोडे तयार करणाऱ्यासाठी. आपण तयार केलेले कोडे आपणच तपासले तर दोष दिसत नाही, कारण उत्तर हाताला पाठ असते. म्हणून मी आता कोडे दुसऱ्या कुणाला तरी देते, आणि सांगते की प्रत्येक दिव्याशेजारी कारण लिहा. ‘दुसरीकडे जागाच नव्हती’ हे कारण चालते. ‘ठेवून पाहिला, जमला’ हे आले की तिथे मी थांबते. मग दुसरीकडे ठेवूनही जमते का ते पाहते. दुसरीकडे ठेवल्यावर नियम मोडत असेल तर कोडे ठीक आहे, फक्त कठीण आहे. तिथेही जमत असेल तर एक अंक कमी पडतो आहे. आमच्या शाळेतले चित्रकलेचे सर हे काम हौसेने करतात आणि दर आठवड्याला माझे एक तरी कोडे परत पाठवतात.

जाता जाता तुमच्यासाठी गृहपाठ. माझ्याच कोड्यात ड२ च्या रिकाम्या भिंतीवर १ ऐवजी २ लिहा. बाकी सगळे तसेच ठेवा. आता उत्तर पुन्हा एकच येते, आणि या वेळी ते त्या मुलीचे असते. पण तिथे पोहोचायला इ२ मध्ये आधी फुली मारावी लागते, आणि ती लगेच दिसत नाही. इ२ मध्ये दिवा आहे असे मनात धरा आणि ब३ ला विचारा, “तुला उजेड कोण देणार?”

उत्तर काढलेत की फुलीचे कारण एका वाक्यात लिहून ठेवा. मुलांकडूनही लिहून घ्या. वर्गात हे कोडे मी पुन्हा दिले तेव्हा पहिले वाक्य तिच्याच वहीत मिळाले : “इ२ मध्ये दिवा ठेवला तर ड३ मध्ये ठेवावाच लागतो, आणि मग दोनचे तीन होतात.” खाली तिने एक बारीक फुली काढली होती. या वेळी मी आधी फुली वाचली आणि मगच पेन उघडले.